लेव्हल मोजण्याआधी लूप बघा: पोट फुगलेल्या पेशंटचा एक्स-रे, कॅज्युअल्टीतल्या नव्या इंटर्नसाठी

पोटाच्या उभ्या फिल्मवर हवा-पाण्याच्या आडव्या रेषा दिसल्या की नवा इंटर्न त्या मोजायला लागतो. तीन झाल्या, चार झाल्या, पाचवी सापडली की लगेच सर्जनला फोन: "सर, मल्टिपल एअर-फ्लुइड लेव्हल्स आहेत, ऑब्स्ट्रक्शन वाटतंय." पलीकडून प्रश्न येतो, "लूप किती रुंद आहेत? झोपवून काढलेली फिल्म आहे का? ग्रॉइन बघितलं का?" आणि तिथेच गाडी अडते.

लेव्हल जुलाबाच्या पेशंटला दिसतात, एनिमा दिलेल्याला दिसतात, पोटॅशियम घसरलेल्यालाही दिसतात. अडथळा आहे की नाही हे ठरवायला जास्त भरवशाच्या गोष्टी तीन: आतडं किती फुगलंय, कुठपर्यंत फुगलंय आणि त्याच्या पुढच्या आतड्यात काय आहे. त्या तिन्ही झोपवून काढलेल्या फिल्मवर कळतात. उभी फिल्म त्यात भर घालते, पण ती एकटी पुरत नाही. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात रात्री सीटी नसतो आणि सर्जन फोनवर असतो. तिथे या दोन फिल्म्स कशा मागवायच्या आणि कशा वाचायच्या, ते आता क्रमाने बघू.

फिल्मच्या आधी

आधी पेशंट. चार प्रश्न विचाराच: पोटात कळ येऊन जाते की सतत दुखतं, उलटीत काय पडतं, शेवटची संडास कधी झाली आणि वारा सरतो का. शेवटचा प्रश्न लाजेने अर्धवट राहतो. आपल्याकडच्या आजीला "गॅस पास होतो का" विचारलं तर ती ढेकर येते म्हणून "हो" म्हणेल. "खालून वारा सरते का, माय?" असं सरळ विचारा. जुनं ऑपरेशन, टीबीची औषधं, सिकलसेलचं कार्ड हेही इथेच विचारून घ्या. बाई पाळीच्या वयातली असेल तर एक्स-रेआधी पाळीची तारीख विचारा आणि युरिन प्रेग्नन्सी टेस्ट करा.

मग हात लावा. पोटावर जुना टाका आहे का बघा, बेंबी बघा आणि दोन्ही जांघा कपडे बाजूला करून बघा. हर्निया अडकल्याचं निदान एक्स-रेच्या खोलीत होत नाही, ते कॉटवर होतं. साडीची गाठ किंवा धोतराचा काचा सोडवायला संकोच वाटतो, त्यात रात्रीची वेळ आणि नातेवाईक भोवती उभे. सिस्टरला सोबत घ्या, पडदा लावा, पण बघा.

उभं करण्याआधी बीपी बघा. दोन दिवस उलट्या झालेल्या माणसाच्या अंगातलं पाणी आतड्यात जाऊन बसलेलं असतं. निरोगी माणसाच्या जठर, स्वादुपिंड, पित्त आणि आतड्यातून मिळून दिवसाला काही लिटर रस झिरपतो आणि बहुतेक सगळा परत शोषला जातो. अडथळा आला की तो अडथळ्याच्या वर साठतो. अशा पेशंटला सलाईन न लावता स्टँडसमोर उभं केलं तर चक्कर येऊन पडतो. आधी दोन जाड कॅन्युला, आरएल चालू, उलट्या जोरात असतील तर राइल्स ट्यूब, आणि मग एक्स-रे. राइल्स टाकल्याने फिल्म बिघडत नाही. जठर आणि फार तर वरचं थोडं आतडं रिकामं होतं, खालचे फुगलेले लूप तसेच राहतात.

एनिमा मात्र फिल्मच्या आधी देऊ नका. वॉर्डात "संडास नाही" ऐकलं की एनिमाची तयारी सुरू होते. एनिमासोबत रेक्टममध्ये हवा जाते, मोठ्या आतड्यात लेव्हल तयार होतात, आणि "रेक्टममध्ये हवा आहे की नाही" या महत्त्वाच्या प्रश्नाचं उत्तर हातातून जातं. बोटाने पीआर तपासणी टाळायची नाही, पण ती फिल्मच्या आधी झाली असेल तर कागदावर तसं लिहा.

टेक्निशियनला काय सांगायचं

"एक्स-रे ॲब्डोमेन" एवढंच लिहिलं तर एकच फिल्म येईल आणि ती बहुधा उभी असेल. स्पष्ट लिहा: पोटाची झोपवून एक, उभी एक, आणि छातीची उभी एक. छातीची कशाला, असं टेक्निशियन भाऊ विचारतील. आतडं फुटलं असेल तर डायफ्रामखालची हवा छातीच्या उभ्या फिल्मवर सगळ्यात चांगली दिसते. शिवाय खालच्या फुप्फुसातला न्युमोनिया कधी कधी पोटदुखीचं सोंग घेऊन येतो, तोही सापडतो.

झोपवलेल्या फिल्मवर खाली प्युबिक सिम्फिसिस आलंच पाहिजे. कॅसेट वर सरकली की जांघ कापली जाते आणि हर्नियात शिरलेल्या लूपमधली हवा फिल्मबाहेर राहते. उंच माणसाचं पोट एका कॅसेटवर मावत नसेल तर खालच्या भागाची वेगळी फिल्म घ्या.

उभ्या फिल्मला दोन अटी आहेत. पहिली, पेशंट पाचेक मिनिटं, जमलं तर दहा, उभा किंवा ताठ बसलेला हवा. हवेला वर चढायला आणि पाण्याला खाली बसायला तेवढा वेळ लागतो. दुसरी अट जास्त मोडली जाते: किरण जमिनीला समांतर हवा. पेशंटला उभं राहवत नाही म्हणून त्याला कॉटवर उशा लावून तिरपं बसवतात, पाठीमागे कॅसेटही तिरपी आणि ट्यूबही तिला काटकोनात तिरपी. फिल्म छान येते, पण लेव्हल दिसत नाहीत. पाण्याचा पृष्ठभाग नेहमी जमिनीला समांतर असतो, त्यामुळे किरण त्याच पातळीतून गेला तरच तो रेघ होऊन उमटतो. किरण वरून तिरपा आला की रेघेच्या जागी धूसर पट्टा उरतो. अशा फिल्मवर "लेव्हल नाहीत" लिहून पेशंटला घरी पाठवू नका.

ज्याला बसताही येत नाही त्याला डाव्या कुशीवर दहा मिनिटं झोपवा आणि आडव्या किरणाने फिल्म घ्या. लेव्हल दिसतात आणि मोकळी हवा असेल तर ती यकृत आणि उजव्या बरगड्यांच्या मध्ये चढते, तिथे सहज दिसते. उजव्या कुशीवर झोपवलं तर जठरातली हवा नेमकी त्याच बाजूला वर येते आणि गोंधळ होतो.

झोपवलेली फिल्म: आधी कोणतं आतडं, मग किती रुंद

फिल्म आली की आधी नाव, तारीख, बाजूची खूण आणि उभी की झोपलेली, हे बघा. मग झोपवलेली फिल्म आधी लावा.

पहिला प्रश्न, फुगलंय ते लहान आतडं की मोठं? लहान आतडं पोटाच्या मध्यावर असतं, मोठं चौकटीसारखं कडेने जातं. लहान आतड्याच्या आडव्या घड्या लूपची रुंदी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पूर्ण ओलांडतात आणि जवळजवळ असतात. मोठ्या आतड्याच्या हॉस्ट्रांच्या रेषा जाड, दूरदूर आणि बहुतेक अर्ध्यावरच थांबतात. घड्या वरच्या जेजुनममध्ये दाट असतात आणि खाली जाताना विरळ होतात. शेवटचं इलियम तर जवळपास गुळगुळीत नळीसारखं दिसतं. म्हणून घड्या दिसत नाहीत म्हणजे मोठं आतडं, असा निष्कर्ष काढू नका. जागा बघा, आणि ठिपकेदार मळ कुठे दिसतो ते बघा.

दुसरा प्रश्न रुंदीचा. तीन-सहा-नऊ सगळ्यांना पाठ असतं: लहान आतडं ३ सेंमी, मोठं आतडं ६ सेंमी आणि सीकम ९ सेंमी. याच्या वर गेलं की फुगलेलं. मोजायचं ते लूपच्या लांबीला काटकोनात, जिथे लूप सर्वात रुंद आहे तिथे, बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत. दोन लूप एकमेकांवर पडून एकच रुंद लूप भासतो, तिथे मोजू नका.

आता खरी अडचण. जुनी मोठी फिल्म असेल तर पट्टी लावली की काम झालं, तिथे पोट साधारण खऱ्या आकारात असतं. हल्ली डिजिटल मशीन आलं आणि प्रिंट १० बाय १२ इंची फिल्मवर किंवा त्याहून लहान फिल्मवर निघते, कधी एका फिल्मवर दोन चित्रं. तिथे ३ सेंमीला ३ सेंमी समजलात तर ४ सेंमीचं फुगलेलं आतडं तुम्हाला नॉर्मल वाटेल. प्रिंटच्या कडेला सेंटिमीटरची खुणेची पट्टी छापलेली असते, आधी तिच्यावर आपली पट्टी लावा. ५ सेंमी लिहिलेलं अंतर प्रत्यक्षात ३ सेंमी भरलं, तर मोजलेल्या प्रत्येक आकड्याला ५ ने गुणून ३ ने भागायचं. कडेची पट्टी नसेल तर मणका वापरा. मोठ्या माणसाच्या दुसऱ्या कंबरेच्या मणक्याची उंची, डिस्क सोडून, साधारण अडीच ते तीन सेंमी असते. लहान आतड्याचा लूप त्या उंचीपेक्षा ठळकपणे रुंद असेल तर तो फुगलेला आहे, प्रिंट कितीही लहान असो. मोबाइलवर आलेल्या फोटोसाठीही हीच युक्ती चालते.

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित: फुगवटा कुठे संपतो, आणि पुढे काय आहे? लहान आतडं फुगलेलं, मोठं आतडं कोसळलेलं आणि रेक्टममध्ये हवा नाही, तर मेकॅनिकल अडथळ्याचं चित्र पक्कं होत जातं. पण वेळेचा हिशेब ठेवा. पूर्ण अडथळा आल्यावरही लूप फुगायला काही तास लागतात आणि अडथळ्याच्या पुढचा मळ-वारा निघून जायला आणखी, कधी दिवसभर. कळ संध्याकाळी सुरू झाली आणि फिल्म रात्री दहाला काढली, तर मोठ्या आतड्यात हवा असणारच. तिच्यावरून अडथळा नाकारू नका. चार-सहा तासांनी पुन्हा तपासा, पुन्हा फिल्म घ्या.

आणि ज्या फिल्मवर काहीच दिसत नाही, ती सगळ्यात फसवी. लूपमध्ये हवा नसून नुसतं पाणीच भरलं असेल तर पोट राखाडी आणि रिकामं दिसतं. त्या राखाडीत घड्यांच्या मध्ये अडकलेले हवेचे बारीक बुडबुडे एका ओळीत मण्यांसारखे दिसले, तर ते फुगलेलं, पाण्याने भरलेलं लहान आतडं आहे. हे दिसलं तर फोन करा. काही न दिसता पोट मात्र फुगलेलं आणि उलट्या हिरव्या असतील, तरीही करा.

मग उभी फिल्म

थोड्या लेव्हल सगळ्यांना असतात. जठरात असते, ड्युओडेनममध्ये असते, इलियमच्या शेवटी एखादी असते. लहान, दोन-तीन लेव्हल म्हणजे आजार नव्हे. वजन कशाला द्यायचं तर रुंदीला, उंचीतल्या फरकाला आणि जागेला.

लेव्हल अडीच सेंमीपेक्षा रुंद असेल तर लूप फुगलेला आहे हे ती वेगळ्या रीतीने सांगते. एकाच लूपच्या दोन बाजूंना दोन लेव्हल असतील आणि त्यांच्या उंचीत ठळक, दोन सेंमी किंवा जास्त फरक असेल, तर ते आतडं अजून जोर लावतंय, एका बाजूने पाणी ढकलतंय. मेकॅनिकल अडथळ्यात हे दिसतं. पोटाच्या वरपासून खालपर्यंत पायऱ्या लागल्यासारख्या लेव्हल असतील तर अडथळा लहान आतड्याच्या खालच्या भागात असण्याची शक्यता जास्त. आतडं थकून पडलेलं असेल, म्हणजे पॅरॅलिटिक इलियस, तर लेव्हल बहुधा सारख्या उंचीला असतात, लहान-मोठं दोन्ही आतडं हवेने भरलेलं असतं आणि रेक्टमपर्यंत हवा पोचलेली असते. बहुधा म्हणतोय, कारण उंचीचा हा फरक इलियसमध्येही कधी कधी दिसतो आणि जुना अडथळा थकून इलियससारखा दिसायला लागतो. म्हणूनच झोपवलेली फिल्म आधी.

एक केस, पहिल्यापासून शेवटपर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातलं एक ग्रामीण रुग्णालय धरा, नोव्हेंबर, कापूस वेचणीचे दिवस. साठीची, ४२ किलोची शेतमजूर बाई रात्री येते. दोन दिवसांपासून उलट्या, आधी जेवण पडलं, मग हिरवं पाणी, आता घाण वासाचं तपकिरी. पोटात कळा येत होत्या, आज दुपारपासून सतत दुखतंय. "डॉक्टर, दोन दिवस झाले, ना संडास ना वारा," असं तिचा मुलगा सांगतो. गावात एक सलाईन आणि पोटदुखीचं इंजेक्शन झालंय. पोटावर ऑपरेशनचा टाका नाही.

नाडी ११८, बीपी ९६/६०, जीभ कोरडी. पोट फुगलेलं, दाबलं तर मऊ, थोडं दुखतं. सिस्टरसोबत जांघ बघितली तर उजवीकडे, प्युबिक ट्युबरकलच्या खाली आणि बाहेरच्या बाजूला, लिंबापेक्षा लहान, कडक, दुखरी गाठ. खोकल्यावर हलत नाही. बाई म्हणते, ती गाठ वर्षभरापासून आहे, कोणाला दाखवली नाही. इथे फीमोरल हर्नियाचं निदान जवळपास झालंच. एक्स-रे आता अडथळ्याचा पुरावा आणि फुटलं आहे का ते बघायला. गाठ आत ढकलायचा प्रयत्न करायचा नाही. आतलं आतडं मेलेलं असू शकतं आणि मानही फार अरुंद असते.

आरएल किलोमागे २० मिलीच्या हिशेबाने, म्हणजे सुमारे ८०० मिली, छातीच्या तळाकडे स्टेथो लावत लावत. राइल्स ट्यूब, बॅग मोकळी सोडलेली, तासाभरात सव्वा लिटर तपकिरी पाणी. लघवीची नळी, तिच्याकडून तासाला किमान २१ मिली लघवी हवी, किलोमागे अर्धा मिली. बीपी ११०/७० आलं, नाडी मात्र ११२ वरच. आता एक्स-रे.

झोपवलेली फिल्म, १० बाय १२ ची प्रिंट. मध्यावर चार-पाच लूप. वरच्या डाव्या लूपमध्ये दाट घड्या भिंतीपासून भिंतीपर्यंत, खालचे लूप गुळगुळीत, पेल्व्हिसपर्यंत उतरलेले. सर्वात रुंद लूप पट्टीवर २.४ सेंमी. नुसतं बघून "नॉर्मल" म्हणायचा मोह होईल. कडेच्या पट्टीवरचे ५ सेंमी प्रत्यक्षात ३ सेंमी भरतात. २.४ गुणिले ५ भागिले ३, म्हणजे ४ सेंमी. मणक्याशी पडताळा: प्रिंटवर मणक्याची उंची १.७ सेंमी, लूप २.४, म्हणजे जवळपास दीडपट. फुगलेलंच आहे. उजवीकडे चढत्या कोलनमध्ये थोडा ठिपकेदार मळ, बाकी कोलन कोसळलेलं, रेक्टममध्ये हवा नाही, आणि एनिमा दिलेला नाही. फिल्म सिम्फिसिसच्या वरच कापली गेली होती म्हणून खालच्या भागाची दुसरी घेतली. त्यात जांघेत हवा दिसली नाही. लहान फीमोरल हर्नियात हवा न दिसणं नेहमीचं आहे, त्याने निदान खोडलं जात नाही.

उभी फिल्म: सहा लेव्हल, मोठी ४ सेंमीच्या आसपास, एका लूपच्या दोन लेव्हलमध्ये खऱ्या मापाने ३ सेंमीचा उंचीचा फरक. छातीच्या फिल्मवर डायफ्रामखाली हवा नाही.

वाचन असं लिहायचं: "लहान आतड्याचे लूप फुगलेले, कमाल ४ सेंमी, जेजुनम आणि इलियम दोन्ही. कोलन कोसळलेलं, रेक्टममध्ये हवा नाही. उभ्या फिल्मवर सहा रुंद लेव्हल, उंचीत फरक. मोकळी हवा नाही. उजवी फीमोरल गाठ, दुखरी, न सरकणारी. लहान आतड्याच्या खालच्या भागात मेकॅनिकल अडथळा, स्ट्रॅन्ग्युलेशनची शंका." शंका फिल्मवरून आलेली नाही. ती आली कळ जाऊन सतत दुखू लागल्यामुळे, गाठ दुखरी असल्यामुळे आणि पाणी देऊनही नाडी न उतरल्यामुळे.

हे नीट लक्षात घ्या, कारण इथेच उशीर होतो. आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडलाय की नाही हे साधा एक्स-रे सांगत नाही. मोकळी हवा नाही म्हणजे आतडं जिवंत आहे असं नव्हे. ताप, सतत दुखणं, पोट कडक होणं, दाबून सोडल्यावर दुखणं, न उतरणारी नाडी, यातलं काहीही असलं की सकाळपर्यंत थांबायचं नाही. ही बाई रात्रीच १०८ ने यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला जाते. जाण्याआधी अँटिबायोटिकचा पहिला डोस, सेफ्ट्रिॲक्सोन आणि मेट्रोनिडॅझोल, तुमच्याकडच्या प्रोटोकॉलप्रमाणे. वेदनाशामक द्या, त्याने निदान झाकलं जातं ही जुनी समजूत आहे. हायोसिनसारखं पोट ढिलं करणारं इंजेक्शन मात्र देऊ नका, आणि उलटी थांबवायला मेटोक्लोप्रमाइडही नाही. बंद दारावर आतून जोर वाढवायचा नसतो. पोटॅशियम लघवी सुरू झाल्यावर आणि रिपोर्ट बघून.

फसवणारी चित्रं

विदर्भात एक मुद्दाम सांगायला हवं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट इथून आलेला तरुण पोटदुखीने कळवळत असेल तर सिकलसेल डोक्यात ठेवा. क्रायसिसमध्ये आतडं थकतं, पोट फुगतं, लेव्हल दिसतात. फिल्मवर लहान आणि मोठं दोन्ही आतडं सारखं भरलेलं, रेक्टमपर्यंत हवा, कुठे अचानक थांबलेला फुगवटा नाही. हात, पाय, पाठही दुखत असते. त्याला पाणी, चांगलं वेदनाशामक आणि गरजेप्रमाणे ऑक्सिजन लागतो. घाईने पोट उघडलं तर नुकसान होतं. पण सिकलसेलच्या माणसाचा अपेंडिक्सही फुटतो. दोन-तीन तासांनी पुन्हा हात लावून बघितल्याशिवाय "क्रायसिसच आहे" म्हणू नका.

फवारणीच्या दिवसांत विषबाधेवर ॲट्रोपिन चालू असलेल्या पेशंटचं पोट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फुगतं. तेही बहुधा थकलेलं आतडं. जुलाबाच्या पेशंटच्या फिल्मवर मोठ्या आतड्यात भरपूर लेव्हल असतात, आणि तो दर तासाला संडासला जाऊन आलेला असतो. फिल्म बघण्याआधी तेवढं विचारलं तरी पुरे.

उलट, मोठं आतडं फुगलं असेल तर ते हलक्यात घेऊ नका. म्हातारा माणूस, वर्षानुवर्षांचा बद्धकोष्ठ, पोट नगाऱ्यासारखं, उलट्या फारशा नाहीत, आणि फिल्मवर पेल्व्हिसमधून उठून उजव्या बरगड्यांकडे जाणारा एकच प्रचंड लूप, आत हॉस्ट्रांच्या रेषा नाहीत, दोन्ही भिंती खाली एका जागी येऊन मिळतात: हा सिग्मॉइड व्हॉल्व्ह्युलस. पोट कडक नसेल तर नळी घालून तो सोडवता येतो, पण ते सर्जनने करायचं. तुम्ही वेळ वाया न घालवता कळवायचं. सीकम १२ सेंमीच्या पुढे गेलं असेल तर ते फुटायच्या बेतात आहे असं समजूनच बोला.

टीबी आपल्याकडे विसरून चालत नाही. महिनोन्महिने थोडी थोडी कळ, वजन घटलेलं, संध्याकाळी ताप, उजवीकडे खाली गाठ लागते, आणि फिल्मवर इलियमचे लूप जेमतेम फुगलेले. हा अर्धवट अडथळा आहे. रात्रीत पाठवायची घाई बहुधा नसते, पण "गॅसेस"ची गोळी देऊन घरीही पाठवायचं नाही. भरती करा, तोंडाने बंद, दर चार तासांनी पोट बघा.

फोन आणि फोटो

सर्जनला फोनवर आधी पेशंट सांगा, मग फिल्म: वय, किती तास, वारा बंद किती वेळ, नाडी पाण्याआधी आणि पाण्यानंतर, जांघ, जुना टाका, पोट मऊ की कडक. त्यानंतर लूप कोणतं आणि किती सेंमी, कोलन कसं, रेक्टममध्ये हवा आहे की नाही, मोकळी हवा. लेव्हलचा आकडा शेवटी.

फोटो पाठवताना फिल्म व्ह्यू बॉक्सवर लावा. ट्यूबलाइटसमोर हातात धरून काढलेल्या फोटोत डायफ्रामखालची हवा बोटाच्या सावलीत जाते. फ्लॅश बंद, मोबाइल फिल्मला समांतर, चारही कोपरे आणि कडेची मापाची पट्टी फोटोत आली पाहिजे. प्रत्येक फिल्मचा वेगळा फोटो आणि खाली लिहा: झोपलेली, उभी, छाती. रेफर करताना मूळ फिल्म्स पाकिटात, नातेवाइकाच्या नव्हे, ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरच्या हातात द्या. पाकिटावर मार्करने लिहा: फिल्मची वेळ, राइल्समधून किती पाणी निघालं, किती आरएल गेलं, लघवी किती झाली, अँटिबायोटिक किती वाजता दिलं, आणि एनिमा दिलाय की नाही.